शिटी होईपर्यंत हात वर

बाबांना अर्धांगाचा झटका आला, त्यानंतर आमच्या घरातलं बोलणं कमी झालं आणि भांडणं वाढली. बोलणं कमी झालं, कारण बाबांकडे दोनच शब्द शिल्लक राहिले होते. एक ‘नाय’ आणि दुसरी एक शिवी, जी मी इथे लिहीत नाही. डॉक्टर म्हणाले, असं होतं, वाचा जाते तेव्हाही शिव्या पुष्कळदा मागे राहतात. आई म्हणाली, "यांच्या तर आधीपासनंच पुढं व्हत्या." आणि भांडणं वाढली ती बाबांच्या उजव्या हातावरून.

पाय तसा सावरला होता. काठी धरून ते ओसरीपर्यंत येत आणि खुर्चीत बसत. उजवा हात मात्र मांडीवर पडून असायचा, कुणीतरी विसरून ठेवल्यासारखा. व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी यायचे. त्यांचं एकच मागणं होतं. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवा, चांगल्या हाताने दुबळ्या हाताला डोक्यावर न्या, थोडा वेळ वर धरा आणि सावकाश खाली आणा. हे रोज झालं नाही तर खांदा आखडेल, मग सदरा घालतानासुद्धा ओरडावं लागेल, आणि पुढे हातात थोडी ताकद आली तरी तो वर जाणार नाही. एवढं सगळं ते हसतमुखाने सांगत आणि बाबा भिंतीकडे बघत ‘नाय’ म्हणत.

मी समजावलं, चिडले, एकदा रडूनही पाहिलं. रडण्याचा उपयोग झाला नाही, उलट त्यांनी दुसरा शब्द वापरला. शेवटी आईनेच मला स्वयंपाकघरात बाजूला घेतलं.

"बाय, तुला कळंना कसं? ते व्यायामवाले ह्यांना हात जोडायला सांगतात. ह्यांनी सगळ्या नोकरीत एकाही सायबाफुडं हात जोडलं नाय. आता म्हातारपनी जोडतील का?"

"आई, तो व्यायाम आहे."

"मला म्हाईत हाय. त्यांना सांग."

बाबा कर्जतच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होते. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढवायला मागून इंजिन लावतात. त्याला बँकर म्हणतात. तो बँकर हळूहळू मागे आणायचा, गाडीला भिडवायचा, हे बाबांचं काम. खाली उभं राहून ते ड्रायव्हरला हाताने इशारे करायचे आणि तेवढं प्रचंड धूड त्यांच्या मनगटावर पुढेमागे व्हायचं. मी लहानपणी डबा घेऊन जायची तेव्हा पुलावरून बघत उभी राहायची. पुढे काही वर्षं ते घाटात ठाकुरवाडीला होते, पण त्यांचं मन यार्डातच असायचं. असा माणूस आता खुर्चीत बसून मला त्याचा सदरा घालू देत होता, हे मला बघवत नव्हतं.

मी खालापूरकडच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवते. लग्न केलं नाही, भाऊबहीण नाही, त्यामुळे ‘कोण करणार’ हा प्रश्न आमच्याकडे कधी उभाच राहिला नाही. सकाळी बाबांची अंघोळ, मग स्कूटर, मग खड्डे, मग लेक्चरं, मग मीटिंग, मग परत खड्डे. त्या काळात मी इतकी दमलेली असायची की वर्गात फळ्याकडे वळले की दोन क्षण डोळे मिटून घ्यायची. मुलांना वाटायचं मॅडम विचार करतायत.

माझ्याकडे शेवटच्या वर्षाचा एक प्रोजेक्ट होता. मुलगी माथेरानची. तिची आई तिथल्या हॉटेलात काम करायची, ही आमच्या हॉस्टेलवर राहायची. तिने एक बुटकी चारचाकी गाडी बनवली होती, साधारण पाटाएवढी. वर एक उभी काठी, काठीवर कॅमेरा आणि खाली तळहाताएवढा कॉम्प्युटरचा बोर्ड. कॅमेऱ्यातल्या प्रत्येक चित्रात तो बोर्ड माणूस शोधायचा आणि त्याच्या अंगावरचे ठरावीक बिंदू ओळखायचा: नाक, डोळे, कान, खांदे, कोपरं, मनगटं, कंबर, गुडघे, घोटे. प्रत्येक बिंदूसोबत आपल्याला किती खात्री आहे तेही सांगायचा. बिंदू जोडले की पडद्यावर रेघांचा माणूस उभा राहायचा. त्या रेघा कशा आहेत यावरून गाडीला हुकूम. उजवा हात आडवा, तर उजवीकडे वळ. डावा आडवा, तर डावीकडे.

लॅबमध्ये गाडी छान चालायची. तिच्या हाताने चालायची, मैत्रिणींच्या हाताने चालायची. मी म्हटलं, "सगळ्या विशीतल्या पोरींवर तपासलंयस. वयस्कर माणसावर तपास. खुर्चीत बसलेल्या, लुंगी नेसलेल्या, अंगावर चादर घेतलेल्या."

"असा माणूस कुठे मिळेल, मॅडम?"

"माझ्याकडे आहे," मी म्हटलं. खोटं कशाला सांगू, मला प्रोजेक्टची फार काळजी नव्हती. मला वाटलं, खेळणं समजून तरी बाबा तो हात हलवतील.

रविवारी ती गाडी घेऊन आली. ओसरीत गाडी मांडली, लॅपटॉप उघडला आणि पडद्यावर बाबांचा रेघांचा माणूस दिसला. त्याला एकच हात होता.

चादरीखालचा हात कॅमेऱ्याला दिसत नव्हता. त्या बिंदूंची खात्री इतकी कमी होती की प्रोग्रॅम त्यांच्या रेघाच काढत नव्हता. मुलीने पटकन लॅपटॉप फिरवला, पण बाबांनी बघितलं होतं. त्यांनी शिवीसुद्धा दिली नाही.

त्या दिवशी काहीच धड झालं नाही. तिचा प्रोग्रॅम खांद्यापासून कमरेपर्यंतचं अंतर मोजून माणूस किती लांब आहे याचा अंदाज घ्यायचा, आणि बाबांची कंबर चादरीत. ते तिने बदललं, खांद्यांच्या रुंदीवर आणलं. तरी गाडी जागची हलेना, नुसती ‘थांबा’ हाच हुकूम मिळाल्याचं दाखवत राहिली. बाबा तर स्वस्थ बसलेले. बराच वेळ शोधल्यावर कळलं की बाबांच्या मागे भिंतीवर आठ हातांच्या देवीची तसबीर आहे. बोर्डाने तिलाही माणूस धरलं होतं, आणि आठातले दोन हात तिने डोक्याच्या वर धरले होते. मुलीच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही मनगटं डोक्यावर म्हणजे थांबा.

आई खूश झाली. "देवी नको म्हनते म्हंजी नकोच."

"काकू, तसबीर थोडा वेळ काढू का?"

"हात तर लावून बघ."

शेवटी मुलीनेच प्रोग्रॅमला सांगितलं की फार लहान दिसणारी माणसं मोजू नकोस. मग तिने स्वतः हात आडवे करून गाडी डावीउजवीकडे फिरवून दाखवली. बाबा बघत होते. थोड्या वेळाने त्यांनी डावा हात उचलला आणि सावकाश वरखाली केला. एकदा, दोनदा, पुन्हा. गाडी ढिम्म. बाबांनी हात खाली घेतला आणि तोंड फिरवलं.

"काय करत होते?" मुलीने मला विचारलं.

"माझ्यापासून लांब जा, असं इंजिनाला सांगत होते. हात वरखाली म्हणजे लांब जा. अंगासमोर आडवा हलवला की माझ्याकडे ये. दोन्ही हात डोक्यावर सरळ म्हणजे थांब."

"आणि डावीउजवीकडे?"

"रुळावरच्या इंजिनाला डावंउजवं नसतं गं."

ती हसली आणि म्हणाली, "मग सोपंय, मॅडम. गाडी तोंड काकांकडेच ठेवेल, फक्त पुढे आणि मागे. करते मी."

ते सोपं नव्हतं. हात आडवा आहे की नाही हे एका चित्रावरून कळतं. हात हलतोय, आणि कसा हलतोय, हे एका चित्रावरून कळत नाही. त्यासाठी मागची बरीच चित्रं लक्षात ठेवून मनगट खांद्याच्या मानाने वरखाली गेलं की आडवं, ते बघावं लागतं. तिचा बोर्ड सेकंदाला जेमतेम तीन-चार चित्रं बघत होता. हात वर असताना एक चित्र, मग हात खाली येऊन पुन्हा वर गेल्यावर दुसरं, म्हणजे त्याच्या लेखी हात हललाच नाही. लॅबमधल्या मोठ्या कॉम्प्युटरवर हाच प्रोग्रॅम भरभर चालायचा. तो कॉम्प्युटर गाडीवर चढवता येत नव्हता एवढंच.

पुढचे काही आठवडे आम्ही दोघी लॅबमध्ये संध्याकाळपर्यंत बसायचो. बसायची ती, मी बाजूला पेपर तपासायची. तिने मोठं मॉडेल सोडून लहान घेतलं. चित्र लहान करून आत पाठवलं. आकडे निम्म्या अचूकतेने मोजायला लावले आणि अख्खं मॉडेल त्या बोर्डाच्या जातीला बसेल असं बांधून घेतलं. वेग वाढला. मग बोर्ड तापायला लागला आणि तापला की आपोआप मंद व्हायला लागला. त्यावर पंखा बसवला. मग मोटरी सुरू झाल्या की बॅटरीचा दाब पडून बोर्डच बंद पडायचा, म्हणून बोर्डाला वेगळी बॅटरी दिली. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "झालं, मॅडम." प्रत्येक वेळी नव्हतं झालेलं. मी तिच्यावर एकदा विनाकारण खेकसलेसुद्धा, आणि ती स्क्रू आवळत राहिली. मला त्या वयात एवढी चिकाटी नव्हती.

मग एका रविवारी ती पुन्हा आली. बाबांनी तिच्याकडे बघितलं नाही. तिने गाडी त्यांच्यासमोर ठेवली आणि काही न सांगता बाजूला बसली. आई भांडी घासायची थांबली. मग बाबांचा डावा हात उठला आणि सावकाश वरखाली झाला.

गाडी मागे सरकली.

बाबांचा चेहरा बघायला मी आधी तिकडे वळले, म्हणून गाडी सुरुवातीला कशी गेली ते मला नीट सांगता येणार नाही. चेहरा मात्र आठवतो. खुर्चीत बसलेला माणूस हळूच ताठ झाला. पण पुढच्याच क्षणी त्या चेहऱ्यावर राग आला. हात थांबेना. गाडी मागे मागे जात चपलांच्या मांडणीवर आदळली, तरी हात वरखाली चालूच. आणि मग ती शिवी, मोठ्याने.

मुलगी घाबरली. "काय चुकलं?"

आई पदराला हात पुसत म्हणाली, "आगं पोरी, शिटी कुटं दिली तिनं? डायवर शिटी देतो तवा समजायचं का त्यानं बघितलं. शिटी झाल्याबिगार हात खाली घ्यायचा नाय. जेवताना सुदिक सांगायचे आमाला."

मला हे माहीत होतं. लहानपणी पुलावरून मी तेच तर बघायची, बाबांचा हात, मग शिटी, मग हात खाली. पण गाडीला शिटी हवी हे माझ्या डोक्यात आलं नाही. त्या दिवसांत माझ्या डोक्यात काहीच येत नव्हतं.

मुलीने गाडीला एक बारका बझर लावला. हुकूम ओळखला की गाडी आधी एक शिटी देई आणि मग हले. आवाज अगदी कुकरच्या शिटीची नक्कल केल्यासारखा, पण बाबांना चालला. शिटी झाली की त्यांचा हात शांतपणे मांडीवर येई. गाडी दिलेला हुकूम पाळत राहायची, दुसरा हुकूम मिळेपर्यंत. आणि माणूस नजरेआड झाला तर आपोआप थांबायची. हाही यार्डातलाच नियम, हाताचा इशारा दिसेनासा झाला की ड्रायव्हरने थांबायचं. माणूस दिसेनासा झाला की पहिला हुकूम तसाच चालू ठेवायचा, असं तिने आधी लिहिलं होतं, कारण कॅमेरा अधूनमधून चुकतो आणि गाडी धक्के खाते. ते मी काढायला लावलं.

गाडी आमच्याकडेच राहू लागली. कॉलेजला ‘घरी चाचणी चालू आहे’ असं सांगितलं, आणि ते खरंही होतं. बाबा रोज दुपारी ओसरीत बसून गाडी पुढेमागे करत शंटिंग करायचे. आईने गाडीवर डबा ठेवला की तो बाबांपर्यंत यायचा. शेजारच्या बायका बघायला येऊन गेल्या.

पण उजवा हात मांडीवरच होता. ‘ये’ आणि ‘जा’ डाव्या हाताने भागत होतं. ‘थांब’ म्हणायला दोन हात लागतात, आणि ते बाबा म्हणत नव्हते. मला वाटलं होतं, इथे तरी अडेल. बाबांनी काय करावं? गाडी थांबवायची वेळ आली की चादर डोक्यावरून ओढून घ्यायचे. गाडीला माणूस दिसेना की गाडी थांबायची. मग चादरीतून डोळे काढून बघायचे, थांबली का. मुलगी हसून हसून बेजार. मीही हसले, आणि मग मागच्या अंगणात जाऊन रडले. इतकं डोकं चालतं माणसाचं, आणि ते सगळं त्या एका हातापासून लांब राहायला वापरायचं.

मी मुलीला म्हटलं, "डावा हात मोजूच नकोस. फक्त उजव्या मनगटावर चालू दे." तिला ते आवडलं नाही, पण तिने केलं. बाबांनी डावा हात वरखाली केला, पुन्हा केला. गाडी गप्प. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना कळलं होतं कुणाचं काम आहे ते. त्यानंतर ते ओसरीत आलेच नाहीत, पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आई माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मी मुलीला फोन करून म्हटलं, "घाल बाई परत होतं तसं."

"मॅडम, मग ‘थांब’ एका हाताचं करू का? काकांना सोयीचं पडेल."

"नाही," मी म्हटलं. "तेवढं राहू दे."

फिजिओथेरपिस्टांनी पुढच्या खेपेला बाबांचा दंड धरून हात जरासा वर नेला तेव्हा बाबा कळवळले. बाहेर स्कूटरपाशी ते मला हळू आवाजात म्हणाले, खांदा धरायला लागलाय, आता फार दिवस नाहीत. त्या वेळी ते हसतमुख नव्हते. मी मान हलवली. कॉलेजात परीक्षा तोंडावर, गाडी परीक्षकांपुढे न्यायची वेळ जवळ आलेली, आणि माझ्या अंगात आणखी एक भांडण करायची शक्ती नव्हती. त्या रात्री मी स्वतःशी ठरवून टाकलं की तो हात गेला. ठरवल्यावर थोडं हलकं वाटलं, याची मला आजही लाज नाही वाटत. माणूस कुठेतरी दमतो.

मग कुरडयांचा दिवस आला. उन्हं कडक होती म्हणून आईने अंगणात जुनी साडी अंथरून त्यावर कुरडया घातल्या होत्या. पहाटेपासून गव्हाचा चीक शिजवून, सोऱ्यातून एकेक पाडून. आई साडीच्या कडेला पाठमोरी बसून शेवटच्या कुरडया पाडत होती. त्याच सकाळी तिने घरातल्या चादरी धुऊन दोरीवर टाकल्या होत्या. बाबांचीही. मी ओसरीच्या आतल्या कोपऱ्यात पेपरांचा गठ्ठा घेऊन बसले होते. मुलगी शेवटची चाचणी म्हणून आली होती आणि लॅपटॉप घ्यायला आत गेली होती. ओसरीतून अंगणात उतरायला बाबांच्या काठीसाठी केलेला उतार आहे, गाडी त्या उताराच्या तोंडाशी उभी होती.

बाबांनी सवयीने हात वरखाली केला. शिटी झाली. गाडी मागे सरकत उतारावरून अंगणात उतरली आणि कुरडयांच्या दिशेने निघाली, थेट आईच्या पाठीकडे. गाडीला मागे डोळे नव्हते.

बाबांचा हात चादरीकडे गेला. चादर नव्हती.

त्यांनी डावा हात डोक्यावर उभा धरला. गाडी चालूच, एका हाताला तिच्या लेखी काही अर्थ नव्हता. ते ओरडले, जे ओरडता येत होतं तेच. आईला त्या शब्दाची सवय होती, तिने मागे वळून बघितलं नाही. मी उठले तर मांडीवरचे पेपर सगळे खाली, पाय त्यात अडकला. आणि मी मान वर केली तेव्हा बाबांनी डाव्या हाताने उजवं मनगट पकडलं होतं.

पकडलं आणि ओढलं. छातीपर्यंत, मग हनुवटीपर्यंत. तोंड वेडंवाकडं झालं होतं, घशातून एक आवाज येत होता तो मला अजून ऐकू येतो. तिथे हात अडला. मला वाटलं, पडणार. पण त्यांनी मान खाली घातली, पाठ खुर्चीला रेटून जोर लावला आणि दोन्ही हात डोक्यावर गेले.

बोर्डाला काय दिसलं असेल? एका हाताने दुसऱ्याला ओढून वर नेलंय हे त्याला कळणार नव्हतं. दोन मनगटं एकावर एक आली होती, त्यातलं उजवं कोणतं आणि डावं कोणतं यात तो गोंधळला असता तरी बिघडत नव्हतं. दोन्ही नाकाच्या वर होती, आणि त्याला एवढंच हवं होतं.

शिटी झाली. गाडी साडीच्या काठावर थांबली. एक कुरडई मोडली, बस्स.

शिटीच्या आवाजाने आईने वळून बघितलं. गाडीकडे नाही, वर ओसरीकडे. चिकाचे हात तसेच धरून ती म्हणाली, "आवो, ह्ये काय! कुनाला हात जोडताय?"

"नाय," बाबा म्हणाले. आणि मला पहिल्यांदाच त्यांचा ‘नाय’ पूर्ण कळला. ते हात जोडत नव्हते. गाडी थांबवत होते.

दारात मुलगी लॅपटॉप उघडा धरून उभी होती. पडद्यावरच्या रेघांच्या माणसाला दोन्ही हात होते, डोक्याच्या वर, मनगटांशी मिळालेले. मी तिला म्हटलं, "हे चित्र जपून ठेव." ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही खाली बसा आधी." मी पेपरांवरच बसले आणि मला जे रडू आलं ते कुणी थांबवू शकलं नाही.

परीक्षा झाली. तिच्या प्रोजेक्टचं कौतुक झालं आणि गाडी कॉलेजच्या कपाटात गेली. ती आता पुण्यात नोकरी करते. बाबांचा उजवा हात आपणहून उठत नाही, अजूनही नाही. पण खांदा आखडला नाही. सदरा घालताना ते ओरडत नाहीत.

कारण रोज संध्याकाळी, यार्डातून बँकर निघायच्या वेळेला, ते ओसरीत येऊन बसतात. डाव्या हाताने उजवं मनगट पकडतात आणि दोन्ही हात डोक्यावर नेतात. समोर गाडी नसते, अंगणच असतं. हात वर धरून ते उत्तराची वाट बघतात. उत्तर मिळाल्याशिवाय हात खाली आणायचे नाहीत हा त्यांचा नियम आजही आहे, आणि त्यांची नोकरीतली पितळी शिटी माझ्याकडे आहे. मी कॉलेजातून दमून आलेली असते, चपलाही काढलेल्या नसतात. तरी शिटी हातात घेऊन मी दारात उभी राहते. फिजिओथेरपिस्ट म्हणाले होते, हात जितका वेळ वर राहील तितकं चांगलं.

बाबा वाट बघतात. हात थरथरायला लागतात. मी शिटी ओठांशी नेते आणि वाजवत नाही. अजून थोडं, बाबा. अजून थोडं.